काळ-काम-वेग: पर्याय जवळजवळचे असले की घागरी मोजा

आधी प्रश्न वाचा. बेळगावातल्या अभ्यासिकेत हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो.

एक नळ टाकी १२ तासांत भरतो, दुसरा १५ तासांत. तळाचा नळ भरलेली टाकी २० तासांत रिकामी करतो. सकाळी ६ वाजता पहिला नळ सोडला, ८ वाजता दुसरा, ९ वाजता तळाचा. पहिले नळ बंद केलेले नाहीत. टाकी किती वाजता भरेल? पर्याय: दुपारी ३:५०, ४:००, ४:२०, ४:३०.

मागच्या खेपेला येळ्ळूरकडच्या एका पोरीने दोन मिनिटांत हात वर केला. तिचं उत्तर होतं, "सर, तीन चोपन्न येतंय, पण तसा पर्यायच नाही. चारच असणार की." तिने वहीत १/१२ म्हणजे ०.०८, १/१५ म्हणजे ०.०७ आणि १/२० म्हणजे ०.०५ असं धरलं होतं. ९ वाजेपर्यंत ०.३१ टाकी भरली, उरली ०.६९, तासाला भर ०.१०, म्हणून ६.९ तास. ६ तास ५४ मिनिटं. रीत बरोबर होती, बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. घोळ झाला तो दशांशाच्या दुसऱ्या घरात. पर्याय तासातासाच्या अंतराने असते तर हे खपून गेलं असतं. इथे पर्यायांत दहा-वीस मिनिटांचं अंतर आहे आणि तिचं उत्तर नेमकं दोन पर्यायांच्या मधे लटकलं. मग तिने जवळचा गोल आकडा उचलला. रेल्वेच्या परीक्षेत अशा एका चुकीला १/३ गुण जातो.

म्हणून पहिलं काम म्हणजे दशांश सोडायचे. अपूर्णांकही शेवटपर्यंत टाळायचे. टाकी किती मोठी आहे हे प्रश्नात सांगितलेलं नसतं, तेव्हा ती आपल्या सोयीने ठरवायची. १२, १५ आणि २० यांचा लसावि ६०. तर टाकीत ६० घागरी पाणी मावतं असं धरा. आता पहिला नळ १२ तासांत ६० घागरी देतो, म्हणजे तासाला ५. दुसरा तासाला ४. तळाचा तासाला ३ घागरी काढून नेतो. तास गेले, दर आला. क्लासमध्ये याला युनिट म्हणतात, पण मी घागरच म्हणतो. घागर म्हटलं की ती अर्धीमुर्धी मोजायचं कुणाच्या मनात येत नाही.

हे दराचं गणित आपल्याला नवीन नाही. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाईला विचारा, ती एका विडीला किती सेकंद लागतात हे सांगणार नाही. दिवसाला किती विड्या होतात ते सांगेल. दोघी बसल्या तर दोघींच्या विड्यांची बेरीज करायची, झालं. वेळांची बेरीज कधी होत नाही, दरांची होते. परीक्षेतला प्रश्न मुद्दाम वेळ देतो, कारण वेळ सरळ मिळवताही येत नाही आणि वजाही करता येत नाही.

आता घड्याळाबरोबर चला. ६ ते ८ पहिला नळ एकटा: १० घागरी. ८ ते ९ दोन्ही नळ: ९ घागरी. म्हणजे ९ वाजता टाकीत १९ घागरी आहेत आणि ४१ भरायच्या उरल्या आहेत. ९ नंतर ५ + ४ − ३, म्हणजे तासाला ६ घागरींची भर. ४१ भागिले ६ केलं तर ६ तास जातात, ५ घागरी उरतात. तासाला ६ घागरी म्हणजे एका घागरीला १० मिनिटं, पाच घागरींना ५०. उत्तर ६ तास ५० मिनिटं, म्हणजे दुपारी ३:५०.

उरलेल्या पाच घागरींपाशी बरीच पोरं घसरतात. कुणी ६.८३ लिहून ६ तास ८३ मिनिटं वाचतं, कुणी ६ पूर्णांक ५/६ पाहून ६ तास ५ मिनिटं म्हणतं. बाकी उरली की थांबायचं आणि एका घागरीला किती मिनिटं लागतात एवढंच विचारायचं. त्या मिनिटांनी बाकीला गुणलं की झालं.

उरलेले तीन पर्याय कुठून आले? प्रश्न काढणारा ते हवेतून आणत नाही. तो आपल्या चुका आधी करून बघतो. तिन्ही नळ ६ वाजताच सोडले असं समजलं, तर ६० भागिले ६, दहा तास, ४:०० वाजता टाकी भरते. तळाचा नळ ९ ऐवजी ८ वाजताच सोडला असं वाचलं, तर ८ वाजता १० घागरी, उरलेल्या ५० ला ८ तास २० मिनिटं, ४:२०. दुसरा नळ ८ ऐवजी ९ वाजता सोडला असं धरलं, तर ९ वाजता १५ घागरी, उरलेल्या ४५ ला साडेसात तास, ४:३०. म्हणजे घाईत यातली कुठलीही चूक केली तरी उत्तर पर्यायांत सापडतंच. आपलं उत्तर पर्यायात आहे म्हणून ते बरोबर आहे, असं जवळच्या पर्यायांत धरता येत नाही.

मग खात्री कशी करायची? तेच गणित त्याच वाटेने पुन्हा केलं, तर चूकही त्याच जागी पुन्हा होते. पडताळणीसाठी वेगळी वाट धरा. तिन्ही नळ ६ वाजताच सोडले असते तर ४:०० वाजले असते, हे तोंडी येतं. आता खरं काय घडलं? दुसरा नळ दोन तास उशिरा सुटला, म्हणून ८ घागरी कमी आल्या. तळाचा तीन तास उशिरा सुटला, म्हणून ९ घागरी वाचल्या. एकंदरीत १ घागर फायदा. एक घागर म्हणजे १० मिनिटं. ४:०० च्या १० मिनिटं आधी, म्हणजे ३:५०. दोन वाटा एकाच दारात आल्या.

ही दुसरी वाट मला पहिलीपेक्षा जास्त आवडते, आणि हात बसला की पोरं तिनेच सोडवतात. वरचे चुकीचे पर्यायही तिने तपासता येतात: ४:२० म्हणजे दोन घागरींचा तोटा, ४:३० म्हणजे तीन घागरींचा. उत्तर ४ च्या आधी की नंतर, एवढं एका ओळीत कळलं तरी इथे तीन पर्याय गळतात.

आता या लेखातला खरा ऐवज. पूर्ण घागरींत गणित केलं, तर शेवटच्या टप्प्यातला दर आणि उत्तरातल्या अपूर्णांकाचा छेद यांचं नातं जुळतं. शेवटच्या टप्प्याआधी उरलेल्या घागरी पूर्ण संख्येत असतील आणि शेवटचा दर ६ असेल, तर उत्तराचा छेद ६ किंवा ६ चा विभाजक असलाच पाहिजे. दुसरा छेद येऊच शकत नाही. याचा उपयोग बघा.

आमच्या भागात उसाची भांगलण चालू असते तेव्हा दोन भावांची हमखास आठवण येते. थोरला एकटा एक रान १६ दिवसांत भांगलतो, धाकटा २४ दिवसांत. एक दिवस थोरला, एक दिवस धाकटा, अशी पाळी लावली आणि सुरुवात धाकट्याने केली. काम किती दिवसांत संपेल? पर्याय: १९ दिवस, १९ पूर्णांक १/५, १९ पूर्णांक १/३, १९ पूर्णांक १/२.

लसावि ४८. रानात ४८ सऱ्या आहेत. थोरला दिवसाला ३, धाकटा २. दोन दिवसांत ५, म्हणजे सरासरी दिवसाला अडीच. ४८ भागिले अडीच, १९ पूर्णांक १/५. पर्याय दोन. खूण केली, पुढचा प्रश्न.

थांबा. छेद ५ आला आहे. रानात एका दिवशी एकच भाऊ असतो. शेवटच्या दिवशी थोरला असेल तर दर ३, धाकटा असेल तर दर २. दर ५ असा दिवस या रानात उगवतच नाही. म्हणजे १९ पूर्णांक १/५ हे उत्तर आकडेमोड न करताच बाद. उरले तीन. नऊ जोड्या, १८ दिवस, ४५ सऱ्या. उरल्या ३. एकोणिसाव्या दिवशी पाळी धाकट्याची, तो २ करतो, उरली १. विसाव्या दिवशी थोरला येतो, दिवसाला ३ करणारा, त्याला त्या एका सरीला १/३ दिवस. उत्तर १९ पूर्णांक १/३.

बाकीचे पर्यायही आता ओळखू येतील. सुरुवात थोरल्याने केली असती तर एकोणिसाव्या दिवशी त्याने तिन्ही सऱ्या संपवल्या असत्या, १९ दिवस पूर्ण. आणि उरलेली एक सरी चुकून धाकट्याच्याच माथी मारली तर १९ पूर्णांक १/२. पाळीच्या प्रश्नात "सुरुवात कुणी केली" हे शब्द अधोरेखित केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि सरासरी कधीही घेऊ नका. सरासरी घेतली की शेवटचा दिवस नेमका कुणाचा, हेच पुसलं जातं, आणि जवळच्या पर्यायांतला फरक तर त्या शेवटच्या दिवसातच असतो.

नळांच्या पाळीत हा फरक आणखी मोठा होतो. ६० घागरींच्या टाकीत एक मिनिट भरणारा नळ, मिनिटाला ५ घागरी, आणि पुढचं एक मिनिट रिकामा करणारा, मिनिटाला ३, अशी आळीपाळी चालू आहे. सुरुवात भरणाऱ्याने. दोन मिनिटांत २ घागरींची भर, म्हणून ६० मिनिटं? नाही. टाकी भरते ती भरणाऱ्याच्या मिनिटात. एकदा काठाला पाणी लागलं की रिकामा करणाऱ्याची पाळी यायचं कारणच उरत नाही. म्हणून आधी शेवटच्या उडीच्या ५ घागरी बाजूला काढा: पाळी सुरू होताना किमान ५५ हव्यात. जोड्यांनी २, ४, ६ अशा सम संख्याच साठतात, म्हणून ५६ पर्यंत जावं लागेल: २८ जोड्या, ५६ मिनिटं. उरल्या ४, दर ५, ४/५ मिनिट. ५६ मिनिटं ४८ सेकंद. छेद ५ आला, भरणाऱ्या नळाचाच. जुळलं.

टक्क्यांच्या प्रश्नात छेदाची युक्ती आणखी चोख चालते. वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरातल्या पोरांना हा प्रश्न मी मागावरच घालतो. जुना माग एक ऑर्डर ३० दिवसांत पूर्ण करतो. नवा माग जुन्यापेक्षा २५ टक्के जास्त काम करतो. दोन्ही मिळून किती दिवस? पर्याय: १२ पूर्णांक ६/७, १३, १३ पूर्णांक १/३, १३ पूर्णांक १/२.

२५ टक्के जास्त आहे तो दर. वेळ २५ टक्के कमी होत नाही. जुन्याचा दर ४ धरला तर नव्याचा ५. ऑर्डर ३० × ४, म्हणजे १२० मीटर. दोघांचा मिळून दर ९. १२० भागिले ९, १३ पूर्णांक १/३. ज्याने वेळेतून २५ टक्के कापले त्याच्या हाती नव्या मागाचे साडेबावीस दिवस येतात आणि पुढे उत्तर १२ पूर्णांक ६/७. पण छेद ७? दर ९ असताना ७ कुठून येईल? आणि २ तरी कुठून? छेद बघितला की पहिला आणि चौथा पर्याय गेला. १३ आणि १३ पूर्णांक १/३ एवढेच राहिले. १३ दिवसांत ११७ मीटर होतात, ३ मीटर उरतात. म्हणजे १३ पुरत नाहीत.

आता या युक्तीची मर्यादा, नाहीतर कुणीतरी ती नको तिथे वापरेल. ती चालते ती शेवटच्या टप्प्याआधी उरलेलं काम पूर्ण संख्येत असेल तेव्हाच. पहिल्या प्रश्नात दुसरा नळ ८ ऐवजी साडेआठला सोडला असं समजा. इथे दर ४ होता म्हणून अर्ध्या तासात २ घागरी येतात आणि गणित बिघडत नाही, पण दर विषम असला की अर्धी घागर निर्माण होते. अडीच तासांत ५ च्या दराने साडेबारा घागरी. तेव्हा टाकी दुप्पट करा, १२० घागरींची, आणि मोजायचं माप अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासाला तेच ५, ४ आणि ३ दर राहतात. ६ ते ८:३० पाच अर्धे तास, २५ घागरी. ८:३० ते ९ एक अर्धा तास, ९ घागरी. झाल्या ३४, उरल्या ८६. ८६ भागिले ६, चौदा अर्धे तास आणि २ घागरी. चौदा अर्धे म्हणजे ७ तास, आणि आता एका घागरीला ५ मिनिटं, दोनला १०. टाकी ४:१० ला भरली. दुसऱ्या वाटेने तपासा, जुन्या ६० घागरींच्या टाकीत: दुसरा नळ अडीच तास उशिरा, १० घागरी तोटा; तळाचा तीन तास उशिरा, ९ फायदा; एकूण १ घागर तोटा, ४:०० नंतर १० मिनिटं. बरोबर.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दरवर्षी एखादा चिकित्सक पोरगा विचारतोच. खऱ्या टाकीचा तळाचा नळ असा एका दराने वाहत नाही. पाणी वर असताना दाब जास्त, धार जोरात. पातळी उतरली की धार मंदावते. घरच्या सिंटेक्सला तळाशी भोक पडलं तर पहिली अर्धी टाकी दुसऱ्या अर्ध्यापेक्षा लवकर रिकामी होते. परीक्षेत मात्र दर कायम धरायचा. प्रश्न "भरलेली टाकी २० तासांत रिकामी करतो" एवढंच सांगतो आणि आपण तेवढंच मानायचं.

आपल्या सीमाभागातल्या पोरांची आणखी एक अडचण गणिताबाहेरची आहे. शाळा मराठीत झालेली असते, रेल्वेचा पेपर मराठीतून घेता येतो, पण केपीएससीची प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजीत असते. तिथे आकडे कळतात आणि मधला एक शब्द निसटतो. समजा प्रश्न आहे: वरचे तेच दोघे भाऊ एकत्र सुरुवात करतात आणि थोरला काम संपायच्या ४ दिवस आधी सोडून जातो. कन्नडात 'मुगियुव ४ दिन मोदलु'. आणि थोरला सुरुवातीच्या ४ दिवसांनंतर गेला, तर तिथे 'नंतर' हाच शब्द येतो, आपलाच. दोन्ही प्रश्नांत १६, २४ आणि ४ हेच आकडे आहेत. 'नंतर' असेल तर चार दिवसांत २० सऱ्या, उरलेल्या २८ धाकट्याच्या २ च्या दराने १४ दिवस, एकूण १८. 'मोदलु' असेल तर शेवटचे चार दिवस धाकटा एकटा, ८ सऱ्या, आधीच्या ४० दोघांनी मिळून ५ च्या दराने ८ दिवसांत, एकूण १२. पर्यायांत १२ आणि १८ दोन्ही असणार हे आता वेगळं सांगायला नको. नळांच्या प्रश्नांसाठी एवढे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: तोट्टि म्हणजे टाकी, कोळवे म्हणजे नळी, तुंबु म्हणजे भरणे, खाली म्हणजे रिकामं, तेरे म्हणजे उघडणे, मुच्चु म्हणजे बंद करणे, गंटे म्हणजे तास, निमिष म्हणजे मिनिट. 'खाली' वाचून आपल्याकडच्यांना तळाचा नळ आठवतो. तिथे तो अर्थ नाही.

कच्च्या कागदावर मी पोरांना तीनच गोष्टी लिहायला लावतो. वर टाकीच्या घागरी. तिच्याखाली प्रत्येकाचा दर, भरणाऱ्यासमोर अधिक, काढणाऱ्यासमोर उणे, हे चिन्ह आधी आणि आकडा मागाहून. मग घड्याळाची आडवी रेघ, जिथे नळ उघडतो किंवा बंद होतो तिथे खूण, आणि प्रत्येक खुणेपाशी टाकीत त्या क्षणी किती घागरी आहेत ते. उणे चिन्ह विसरलेल्या पोराचा कागद लांबूनच ओळखू येतो: पहिल्या प्रश्नात त्याचा शेवटचा दर १२ निघतो, टाकी साडेबाराच्या आतच भरते आणि मग तो पर्यायांकडे बघत बसतो. तो निदान सुदैवी, त्याचं उत्तर पर्यायांत नाही. येळ्ळूरच्या पोरीने दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घागरींत सोडवला, खाली दुसऱ्या वाटेची एक ओळ लिहिली आणि शेजारी मला विचारलं, "सर, तळाचा नळ साडेनऊला सोडला तर साडेचार घागरींचं काय करायचं?" मी म्हटलं, टाकी दुप्पट कर.